व्हिडिओच्या पोटातली तारीख

17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गुजरातकडे सरकत होते. समुद्र खवळला होता आणि गेटवे ऑफ इंडियाच्या कठड्यावरून लाटा थेट आवारात येत होत्या. त्या दिवसाचे कितीतरी व्हिडिओ मोबाइलवर फिरले. पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात त्यातलेच काही ‘आत्ताचे दृश्य’ म्हणून पुन्हा आले, आणि त्याआधीच्या वर्षांचे काही व्हिडिओही तौक्तेच्या नावावर खपून गेले. समजा, यातला एक व्हिडिओ कोणी आपल्यापुढे ठेवला आणि म्हणाला, ‘हा त्या दिवशी दुपारी मी स्वतः गेटवेवर काढला आहे.’ हे खरे की खोटे, हे त्या फाइलला विचारता येईल का?

विचारता येते. चित्र आणि आवाज यांच्याबरोबर व्हिडिओ फाइलमध्ये तिच्या स्वतःबद्दलच्या नोंदी असतात. केव्हा तयार झाली, कशावर तयार झाली, कुठे तयार झाली, असे त्यांचे स्वरूप असते. यालाच मेटाडेटा म्हणतात. मात्र या नोंदी म्हणजे घटनेचा पंचनामा नव्हे. एका यंत्राने, त्या क्षणी त्याला जे ठाऊक होते त्यावरून दिलेली ती जबानी आहे. साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याचे घड्याळ चुकीचे असू शकते, हे लक्षात ठेवूनच ती वाचायची असते. या लेखात आपण ही एकच काल्पनिक फाइल घेऊन तिची जबानी ओळीओळीने वाचणार आहोत.

आधी कुठे पाहायचे नाही

बहुतेकांची पहिली चूक पहिल्याच पावलावर होते. विंडोजमध्ये फाइलवर उजवे क्लिक करून Properties उघडले की Created असे लिहिलेले दिसते. ती व्हिडिओ काढल्याची तारीख नसते. ती फाइल या संगणकाच्या या डिस्कवर कधी आली, याची ती तारीख असते. मूळ फाइल 17 मे रोजी काढलेली असली आणि तुम्ही ती 21 मे रोजी पेनड्राइव्हवरून संगणकावर उतरवून घेतली, तर तिथे 21 मे दिसेल. त्याखालच्या Modified या ओळीत मात्र बहुधा 17 मे राहील, कारण कॉपी करताना ती तारीख सहसा तशीच पुढे जाते. त्यामुळे ‘बदल आधी आणि निर्मिती नंतर’ असे उलटे चित्र दिसते. ते पाहून फाइलमध्ये फेरफार झाला आहे, असा निष्कर्ष काढणारे मी पाहिले आहेत. तो निष्कर्ष चुकीचा आहे. त्या उलट्या क्रमाचा अर्थ फक्त ‘ही कॉपी आहे’ एवढाच.

या दोन्ही तारखा फाइलच्या बाहेर, डिस्कच्या नोंदवहीत असतात. पाकिटावर पोस्टाचा शिक्का असतो, तसा हा प्रकार आहे. पत्र कोणत्या दिवशी पोस्टात पडले ते शिक्का सांगतो. पत्र कोणत्या दिवशी लिहिले ते पाकीट उघडल्यावरच कळते. विंडोजमध्येच Details या भागात Media created अशी वेगळी ओळ असते. ती फाइलच्या आतून वाचलेली असते. आपल्याला काम आहे ते त्या आतल्या नोंदीशी.

आतले चार बाइट

मोबाइलवर काढलेले व्हिडिओ बहुधा MP4 किंवा MOV या प्रकारचे असतात. दोघांची रचना जवळपास एकच आहे, कारण ॲपलने 1991 मध्ये आणलेल्या क्विकटाइमच्या रचनेवरूनच पुढे MP4 चे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. अशी फाइल म्हणजे एकात एक ठेवलेले डबे. mdat नावाच्या मोठ्या डब्यात चित्र आणि आवाजाचा माल असतो. moov नावाच्या लहान डब्यात त्या मालाची यादी असते. त्या यादीच्या डोक्यावर mvhd नावाचा आणखी एक छोटा डबा असतो आणि त्यात निर्मितीची वेळ लिहिलेली असते.

ही वेळ ‘17 मे’ अशा अक्षरांत लिहिलेली नसते. तिथे फक्त एक आकडा असतो. 1 जानेवारी 1904 च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, किती सेकंद उलटले ते तो आकडा सांगतो. 1904 हे वर्ष जुन्या मॅकिंटॉश संगणकांच्या घड्याळातून आले आहे. आपली फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली तर mvhd या अक्षरांच्या पुढे हे दिसेल:

```
6D 76 68 64   00 00 00 00   DC C7 E1 3A
```

पहिले चार बाइट म्हणजे ‘mvhd’ ही अक्षरे. पुढची चार शून्ये आवृत्ती आणि खुणांची. त्यानंतरचे DC C7 E1 3A हे चार बाइट म्हणजे निर्मितीची वेळ. त्यांचा दशमान आकडा होतो 3704086842. संगणकाच्या जगात प्रचलित असलेली दुसरी मोजणी 1970 पासून सुरू होते आणि या दोन आरंभांमधले अंतर 2082844800 सेकंदांचे आहे. वजाबाकी केली की उरतात 1621242042 सेकंद, म्हणजे 17 मे 2021, सकाळचे 9 वाजून 0 मिनिटे 42 सेकंद, जागतिक प्रमाणवेळ. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून मुंबईत तेव्हा दुपारचे 2 वाजून 30 मिनिटे 42 सेकंद झाले होते.

रोजच्या कामात एवढा हिशेब कोणी हाताने करत नाही. exiftool नावाचे विनामूल्य साधन हेच काम एका ओळीत करून देते:

```
exiftool -a -G1 -s VID_20210517_143000.mp4
```

त्यातून येणाऱ्या लांबलचक यादीतल्या आपल्या कामाच्या ओळी अशा असतील:

```
[QuickTime]  CreateDate       : 2021:05:17 09:00:42
[QuickTime]  Duration         : 0:00:42
[Track1]     TrackCreateDate  : 2021:05:17 09:00:42
[Track1]     MediaCreateDate  : 2021:05:17 09:00:42
[Keys]       AndroidVersion   : 11
[UserData]   GPSCoordinates   : 18 deg 55' 19.20" N, 72 deg 50' 4.92" E
```

इथे पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की वेळ एकाच जागी लिहिलेली नाही. पूर्ण फाइलसाठी एकदा आणि चित्राच्या व आवाजाच्या प्रत्येक पट्टीसाठी पुन्हा पुन्हा ती लिहिली जाते. फोनने सरळ काढलेल्या फाइलमध्ये या सगळ्या वेळा सहसा एकमेकींना धरून असतात. घाईने तारीख बदलणारा माणूस बऱ्याचदा वरची एक ओळ बदलतो आणि पट्ट्यांवरच्या तारखा तशाच राहतात.

जुळणारी बेरीज

आता फाइलचे नाव पाहू. त्यात 143000 आहे, म्हणजे दुपारचे अडीच. आतली वेळ मात्र 2 वाजून 30 मिनिटे 42 सेकंद सांगते. वरवर पाहता यात विसंगती आहे. पण व्हिडिओची लांबी बरोबर 42 सेकंद आहे.

उत्तर फाइल तयार होण्याच्या क्रमात आहे. अनेक अँड्रॉइड फोनांत moov हा यादीचा डबा चित्रण थांबवल्यावर लिहिला जातो आणि त्या क्षणाची वेळ त्यावर पडते. फाइलचे नाव मात्र कॅमेऱ्याचे ॲप चित्रण सुरू होतानाच ठरवते, तेही स्थानिक वेळेत. म्हणून नावातली वेळ अधिक लांबी बरोबर आतली वेळ, अशी बेरीज जुळते. आयफोनची रीत वेगळी आहे. तिथे प्रमाणवेळेतल्या या नोंदीबरोबरच com.apple.quicktime.creationdate या नावाने आणखी एक नोंद असते आणि तिच्यात स्थानिक वेळेसह +0530 असा वेळविभागही लिहिलेला असतो.

मेटाडेटा वाचण्याची कला म्हणजे अशा बेरजा शोधणे. एकटी तारीख फार काही सिद्ध करत नाही. पण तीन नोंदी तीन वेगवेगळ्या वाटांनी आल्या असतील आणि त्यांचा हिशेब सेकंदापर्यंत जुळत असेल, तर त्या फाइलवर विश्वास ठेवायला एक ठोस कारण मिळते. उलट नावातली वेळ आणि आतली वेळ यांत तीन दिवसांचे अंतर निघाले, तर त्या अंतराचे उत्तर फाइल देणाऱ्याकडून मागायला हवे.

फोनच्या रीती मॉडेलनुसार आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीनुसार बदलतात, म्हणून हे आडाखे पाठ करून चालत नाही. त्याच मॉडेलचा फोन हाती घ्यावा, भिंतीवरच्या घड्याळासमोर मिनिटभराचा व्हिडिओ काढावा आणि त्याच्या नोंदी शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. तज्ज्ञ मंडळीही हेच करतात.

साडेपाच तासांचा घोळ

तारखेच्या बाबतीत भारतात सर्वांत जास्त दिसणारी चूक साडेपाच तासांची असते. आतली वेळ प्रमाणवेळेत असावी असे मानक सांगते. काही साधने ती तशीच दाखवतात, काही आपल्या संगणकाच्या वेळेत बदलून दाखवतात. exiftool ने दाखवलेले 09:00:42 पाहून कोणी ‘हा तर सकाळी नऊचा व्हिडिओ’ असे म्हणाला, तर तो इथेच फसला. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत काढलेल्या व्हिडिओवर तर आदल्या दिवसाची तारीख दिसते. रात्री दोन वाजताच्या अपघाताचा व्हिडिओ ‘आदल्या दिवसाचा आहे’ म्हणून बाजूला टाकला जाऊ शकतो.

दुसरा घोळ याच्या उलट आहे. साधे कॅमकॉर्डर, काही ॲक्शन कॅमेरे आणि गाडीतले डॅशकॅम यांना वेळविभाग म्हणजे काय हेच ठाऊक नसते. मालकाने लावलेली स्थानिक वेळ ते प्रमाणवेळेच्या रकान्यात तशीच लिहून टाकतात. मग पाहणारे साधन इमानदारीने त्यात साडेपाच तास मिळवते आणि दुपारी अडीचचा व्हिडिओ रात्री आठचा होतो. हे ओळखणे सोपे आहे. फरक बरोबर साडेपाच तासांचा असतो आणि चित्र त्याला विरोध करत असते. मे महिन्यात मुंबईत सूर्य सातच्या सुमारास मावळतो. रात्री आठच्या व्हिडिओत दिवसाचा उजेड दिसला, तर चूक आकाशाची नक्कीच नाही.

कधी कधी तारखेच्या जागी 1 जानेवारी 1904 दिसते, किंवा exiftool नुसती शून्ये दाखवते. याचा अर्थ रकान्यात शून्य आहे, म्हणजे कोणी काही लिहिलेलेच नाही. हा बनावटपणाचा पुरावा नव्हे. कोऱ्या रकान्यातून काहीच सिद्ध होत नाही, ना खरेपणा ना खोटेपणा.

ठिकाण: एक बिंदू, तोही सुरुवातीचा

आता GPSCoordinates ही ओळ. अक्षांश 18 अंश 55 मिनिटे 19.2 सेकंद, म्हणजे दशांशात 18.9220, आणि रेखांश 72.8347. फाइलमध्ये हे +18.9220+072.8347/ अशा छोट्या मजकुरात लिहिलेले असते. नकाशावर टाकले की बोट थेट गेटवे ऑफ इंडियावर जाते. दशांशानंतरच्या चार आकड्यांमुळे अक्षांशाची नोंद सुमारे अकरा मीटरपर्यंत बारीक होते.

पण नोंद किती बारीक आहे आणि ती किती अचूक आहे, या दोन गोष्टी वेगळ्या. रेशीम मोजायच्या पट्टीने समुद्र मोजला तर आकडा बारीक येईल, पण खरा येईलच असे नाही. फोनला ठिकाण कळते ते उपग्रहांवरून, जवळच्या वायफायवरून आणि मोबाइल टॉवरवरून. मोकळ्या मैदानात ते काही मीटरपर्यंत बरोबर असते. उंच इमारतींच्या गल्लीत किंवा घरात ते शेकडो मीटर चुकू शकते. काही वेळा फोनला त्या क्षणी ठिकाण मिळतच नाही आणि तो आधीचे, आठवणीतले ठिकाण लिहून मोकळा होतो. टॅक्सीतून उतरून लगेच कॅमेरा सुरू केला, तर फाइलवर मागच्या सिग्नलचा पत्ता येऊ शकतो. आयफोन आपल्या नोंदीबरोबर ‘किती मीटर इकडेतिकडे’ हा अंदाजही लिहितो, location.accuracy.horizontal या नावाने. तो असेल तर आधी तो पाहावा. अनेक फोनांत असा अंदाज नसतो आणि मग त्या चार दशांश आकड्यांवर भाबडा विश्वास बसतो.

आणखी एक मर्यादा अशी की साध्या फोनच्या फाइलमध्ये सहसा एकच बिंदू असतो. चालत्या लोकलच्या दारातून दहा मिनिटांचा व्हिडिओ काढला, तरी नोंद एकाच जागेची राहते. शिवाय तो बिंदू फोन कुठे होता ते सांगतो, कॅमेरा कुठे पाहत होता ते सांगत नाही. गेटवेवर उभे राहून लांबवरच्या बोटीचे चित्रण केले, तर फाइलमध्ये बोटीचे नव्हे, गेटवेचे ठिकाण येते.

यंत्राचे नाव म्हणजे यंत्राची ओळख नव्हे

आयफोनच्या फाइलमध्ये कंपनी, मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती स्पष्ट लिहिलेली असते. अँड्रॉइडच्या अनेक फाइलींत मात्र वर दिसते तशी फक्त आवृत्ती असते, ‘अँड्रॉइड 11’. तेवढ्यावरूनही एक उपयोगी तपासणी होते. 2019 मध्ये काढल्याचा दावा असलेल्या व्हिडिओत 2020 साली आलेल्या अँड्रॉइड 11 ची नोंद सापडली, तर काहीतरी नक्की चुकते आहे.

पण मॉडेलचे नाव सापडले म्हणून ‘हा याच माणसाच्या फोनवर काढला’ असे म्हणता येत नाही. एका मॉडेलचे लाखो फोन विकले जातात. फोनचा आयएमईआय क्रमांक या नोंदींत नसतो. विशिष्ट फोनपर्यंत पोहोचायचे तर प्रयोगशाळेत त्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची बारीक खरखर चित्रातून वेगळी काढून जुळवावी लागते. हे काम मेटाडेटाच्या पलीकडचे आहे आणि दाबून लहान केलेल्या व्हिडिओत ते अवघड होत जाते.

यंत्राच्या रकान्यात खरी माहिती कधी कधी अनपेक्षित जागी सापडते. व्हिडिओ ffmpeg या साधनातून किंवा त्यावर बांधलेल्या एखाद्या ॲपमधून गेला असेल, तर बऱ्याचदा Encoder या ओळीत Lavf असा शब्द आणि आवृत्तीचा आकडा राहतो. हा कोणत्याही कॅमेऱ्याचा शिक्का नव्हे. तो सांगतो की ही फाइल फोनमधून निघाल्यावर एका प्रोग्रॅममधून गेली आहे. त्या प्रोग्रॅममध्ये तिच्यात फेरफार झाला की फक्त आकार कमी केला, हे मात्र तो सांगत नाही.

व्हॉट्सॲपमधून गेल्यावर

आता समजा, आपल्यापुढे तीच फाइल VID-20210519-WA0012.mp4 या नावाने आली. नावात 19 मे आहे. ही चित्रणाची तारीख नव्हे. त्या फोनवर तो व्हिडिओ व्हॉट्सॲपमधून गेला किंवा आला, त्या दिवसाची ती तारीख आहे. व्हिडिओ म्हणून पाठवताना व्हॉट्सॲप फाइल लहान करण्यासाठी चित्र नव्याने दाबते. त्यात ठिकाण जाते, फोनची माहिती जाते आणि तारीख एकतर कोरी राहते किंवा नव्याने फाइल तयार झाल्याच्या वेळेची होते. समाजमाध्यमांवरून उतरवून घेतलेल्या फाइलींचीही साधारण हीच गत असते. लोकांचा ठावठिकाणा उघड होऊ नये म्हणून ठिकाण काढून टाकणे योग्यच आहे, पण तपास करणाऱ्याच्या हाती मग रिकामे पाकीट येते.

म्हणून व्हॉट्सॲपवर फिरलेल्या व्हिडिओची तारीख व्हॉट्सॲपच्याच फाइलमधून शोधण्यात वेळ घालवू नये. मूळ माणसापर्यंत मागे जावे आणि त्याच्याकडून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. तशी पाठवली की व्हॉट्सॲप तिला हात लावत नाही आणि आतल्या नोंदी जशाच्या तशा येतात.

सगळे जुळले तरीही

आपली फाइल आतापर्यंत प्रत्येक परीक्षेत उतरली आहे. नाव, लांबी, वेळ, ठिकाण, आवृत्ती, सगळे जुळले. मग सिद्ध झाले का? इथे तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत.

पहिली, या सगळ्या नोंदी साधा मजकूर आणि साधे आकडे आहेत. त्यांच्यावर कुलूप नाही. चित्राला धक्का न लावता त्या बदलता येतात आणि सावधपणे बदलल्या तर मागे खूण राहतेच असे नाही. खूण सापडली तर संशयाला आधार मिळतो. खूण सापडली नाही, तर एवढेच म्हणता येते की खूण सापडली नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. समजा कोणी फाइलला हातही लावला नाही, फक्त चित्रणाच्या आधी फोनची तारीख हाताने मागे केली. मग फाइल पूर्णपणे अस्सल असेल. फोननेच ती सरळ लिहिली असेल, वर केलेली बेरीजही सेकंदापर्यंत जुळेल आणि तरीही तारीख खोटी असेल. फोनने आपल्या घड्याळातली वेळ प्रामाणिकपणे नोंदवली, पण घड्याळच खोटे होते. बॅटरी संपून कारखान्यातल्या तारखेवर परत गेलेला कॅमेरा किंवा रोज थोडा मागे पडत जाणारा सीसीटीव्हीचा रेकॉर्डर कोणाचाही वाईट हेतू नसताना हीच चूक करतो. म्हणून सीसीटीव्हीचे चित्रण ताब्यात घेताना रेकॉर्डरवरची वेळ आणि आपल्या हातातली बरोबर वेळ एकाच फोटोत टिपून ठेवावी. त्या फोटोशिवाय पुढे कोणताही हिशेब करता येत नाही.

तिसरी, एखाद्याने जुना व्हिडिओ टॅबवर लावला आणि गेटवेवर उभे राहून त्या पडद्यावरून तो आपल्या फोनने पुन्हा टिपला, तर नव्या फाइलची तारीख, यंत्र आणि ठिकाण सगळे खरे असेल. घटना मात्र जुनी असेल. मेटाडेटा फाइल केव्हा जन्मली ते सांगतो, चित्रातली घटना केव्हा घडली ते नव्हे.

ही दरी भरून काढायला फाइलच्या बाहेरचे साक्षीदार लागतात. गेटवेच्या उदाहरणात भरती-ओहोटीचे तक्ते, सावल्यांची दिशा, वादळात कठड्याचे झालेले नुकसान चित्रात दिसते की नाही, आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाने दुसऱ्या कोनातून काढलेला व्हिडिओ हे ते साक्षीदार होत. 2018 मध्ये कॅमेरूनमधल्या एका हत्याकांडाचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर आला, तेव्हा बीबीसी आफ्रिका आयच्या पत्रकारांनी नेमका याच वाटेने शोध घेतला. मागच्या डोंगररांगेची कड नकाशाशी जुळवून त्यांनी गाव शोधले. उपग्रहचित्रांतल्या इमारती आणि माणसांच्या सावल्या यांवरून त्यांनी घटनेचा काळ 20 मार्च ते 5 एप्रिल 2015 एवढ्यावर आणला.

न्यायालयाच्या दारात

व्हिडिओ आणि वेळ यांचा एक महत्त्वाचा खटला आपल्या जालन्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे होते की खोतकरांचे उमेदवारी अर्ज 27 सप्टेंबर रोजी दुपारी तीनच्या मुदतीत दाखलच झाले नव्हते. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचा. न्यायालयात आल्या त्या सीडीवरच्या प्रती, आणि अशा प्रतींसाठी कायद्याने लागणारे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही दिले नाही. उच्च न्यायालयाने 2017 मध्ये ती निवडणूक रद्द ठरवली. 14 जुलै 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व स्पष्ट केले: मूळ यंत्रच मालकाने साक्षीत हजर केले तर प्रमाणपत्र लागत नाही, प्रत हजर केली तर ते अनिवार्य आहे. इथे मात्र प्रयत्न करूनही ते मिळाले नव्हते आणि इतर पुरावा पुरेसा होता, म्हणून खोतकरांचे अपील फेटाळले गेले.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार लागणाऱ्या या प्रमाणपत्राचा नमुनाच अधिनियमाच्या अनुसूचीत दिला आहे. त्यात एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि फाइलचे हॅश मूल्य नोंदवायचे असते. हॅश म्हणजे फाइलच्या प्रत्येक बाइटवरून काढलेला एक लांब आकडा. फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी तो आकडा पूर्ण बदलतो. विंडोजमध्ये तो असा काढता येतो:

```
certutil -hashfile VID_20210517_143000.mp4 SHA256
```

यातही मर्यादा ओळखून राहावे. हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढेच तो सिद्ध करतो. त्याआधी काय झाले याबद्दल तो गप्प असतो. तसेच प्रमाणपत्रामुळे प्रत न्यायालयात स्वीकारली जाते. तिच्यातल्या तारखेवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

आपल्या गेटवेच्या फाइलबद्दल मग प्रामाणिकपणे काय लिहिता येईल? ‘ही फाइल अँड्रॉइड 11 असलेल्या फोनने लिहिल्याचे दिसते. त्या फोनच्या घड्याळानुसार चित्रण 17 मे 2021 रोजी दुपारी अडीचला सुरू होऊन 42 सेकंदांनी संपले. फोनच्या अंदाजानुसार तेव्हा तो गेटवेजवळ होता. नोंदींत परस्परविसंगती आढळली नाही.’ यातला ‘त्या फोनच्या घड्याळानुसार’ हा तुकडा अहवाल लहान करण्यासाठी कधीही गाळू नये.

आणि तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये उद्या एखाद्या अपघाताचा, मारहाणीचा किंवा पुराचा महत्त्वाचा व्हिडिओ आला, तर तो कापू नका, त्यावर मजकूर घालू नका आणि फॉरवर्ड करून मूळ फाइल पुसून टाकू नका. ती फोनमध्ये तशीच राहू द्या, तिची एक प्रत संगणकावर घ्या, त्याच दिवशी तिचा हॅश काढून लिहून ठेवा आणि कोणाला द्यायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून द्या. पुसलेली मूळ फाइल कोणत्याही प्रयोगशाळेला व्हॉट्सॲपच्या प्रतीतून परत मिळवता येत नाही.